फेस स्वॅपमध्ये चेहरा कटवर का घसरतो: दिवा लावणाऱ्या एका सीनचा अनुभव

फेस स्वॅपचं काम शिकायला लागलो तेव्हा पहिले दोन महिने मी चेहरा तयार करणाऱ्या मॉडेलच्याच मागे होतो. चेहरा हुबेहूब आला की काम झालं, अशी समजूत. मग ३८ सेकंदांचा एक सीन हातात आला आणि कळलं, की खरी डोकेदुखी दोन शॉटच्या सांध्यात असते.

सीन साधा होता. स्टंट डबल पळत येतो, दार ढकलून अंधाऱ्या खोलीत शिरतो आणि दिवा लावतो. त्याच्या चेहऱ्यावर मुख्य नटाचा चेहरा बसवायचा. दोघांची लेखी संमती फाइलला लावलेली होती. ती नसेल तर मी प्रोजेक्ट उघडतही नाही. सेकंदाला २५ फ्रेमचा व्हिडिओ, एकूण ९५० फ्रेम. कट ३१२ आणि ५४० वर, दिवा लागतो ७३१ वर.

पहिला रेंडर पाहिला. ३१२ नंतर चेहरा डोक्याच्या बाजूला हवेत उमटला आणि सरकत सरकत जागेवर येऊन बसला. दिवा लागला तेव्हा मान उजळली, भिंत उजळली, चेहरा मात्र सेकंदभर अंधारातच.

दोन्हीचं मूळ एकच निघालं: स्मूदिंग. डोळे, नाक, ओठ यांचे बिंदू दर फ्रेमला थोडे थरथरतात, म्हणून आपण नवीन जागेचा ३० टक्के आणि जुन्या जागेचा ७० टक्के भाग घेऊन सरासरी काढतो. शॉटच्या आत हे उत्तम चालतं. पण कटनंतर ‘जुनी जागा’ म्हणजे मागच्या शॉटमधली जागा! समजा कटवर चेहरा ३०० पिक्सेल सरकला. दर फ्रेमला चुकीचा ७० टक्के भाग शिल्लक राहतो. पाच फ्रेमनंतरही चेहरा सुमारे ५० पिक्सेल बाजूला असतो आणि दहा फ्रेमनंतर ८. नेमकं तेच मला दिसत होतं.

रंगाचंही तसंच. मूळ चेहऱ्याच्या त्वचेची सरासरी आणि पसारा मोजून नवीन चेहरा त्या मापात बसवायचा, ही रंग जुळवण्याची नेहमीची पद्धत. ही मापं दर फ्रेमला बदलली की चेहरा लुकलुकतो, म्हणून तिथे मी आणखी कडक स्मूदिंग लावलं होतं: नवीन फक्त १० टक्के. दिव्यामुळे चेहऱ्याचा उजेड ० ते १०० च्या मापात २८ वरून ६१ वर गेला. मी बसवलेला चेहरा दहा फ्रेमनंतर जेमतेम ४९ वर पोचला होता.

मी घाईने उपाय केला: कट शोधायचे आणि प्रत्येक ठिकाणी सगळं शून्यापासून सुरू करायचं. कट शोधायला ही आज्ञा:

```
ffmpeg -i in.mp4 -vf "select='gt(scene,0.3)',showinfo" -f null -
```

यात एक खड्डा आहे, त्यात मी पडलो. `showinfo` जो `n:` छापतं तो निवडून आलेल्या फ्रेमचा अनुक्रमांक असतो, व्हिडिओतला नव्हे. बघायचं ते `pts_time`, म्हणजे सेकंदातली वेळ. तिथे १२.४८ दिसलं तर गुणिले २५, म्हणजे फ्रेम ३१२. मोबाइलवर घेतलेल्या फुटेजचा फ्रेमरेट कमीजास्त होत असतो. तो आधी स्थिर करून घेतला नाही तर हा गुणाकार फसतो.

यादी आली: ३१२, ५४०, ७३१. म्हणजे दिवा लागणं हाही ‘कट’ ठरला. साहजिक आहे, कारण ही मोजणी चित्रात एकदम किती फरक पडला एवढंच बघते. मी तिथेही सगळं नव्याने सुरू केलं, तर रंग सुधरला पण चेहऱ्याने बारीकसा झटका खाल्ला. माणूस जागचा हलला नव्हता, तरी त्याचे बिंदू मी एका फ्रेमच्या थरथरीवर सोडून दिले होते.

आमच्याकडच्या एक सीनियर ताई मागून पडद्याकडे बघत होत्या. म्हणाल्या, ‘‘अरे, एकच यादी कशाला ठेवतोस? चेहरा कुठे आहे याची वेगळी ठेव, उजेड किती आहे याची वेगळी.’’

तेव्हापासून मी असंच करतो. कट असेल तर जागा आणि रंग दोन्ही नव्याने. नुसता उजेड उडी मारत असेल तर फक्त रंग नव्याने, जागेची सरासरी तशीच पुढे चालू. खाली `pts` म्हणजे बिंदूंची जागा आणि `col` म्हणजे रंगाची मापं.

```
if cut:
    pts, col = new_pts, new_col
elif light_jump:
    pts = 0.7*pts + 0.3*new_pts
    col = new_col
else:
    pts = 0.7*pts + 0.3*new_pts
    col = 0.9*col + 0.1*new_col
```

कोणती नोंद कुठल्या यादीत टाकायची हे चेहऱ्यावरूनच कळतं. आधीच्या आणि नंतरच्या फ्रेममध्ये डोळे जवळपास त्याच जागी असतील आणि चित्र बदललं असेल, तर तो उजेड. डोळेही उडाले असतील तर कट. उलटा प्रकार जास्त फसवा. त्याच चौकटीत, त्याच भिंतीपुढे मधला तुकडा कापलेला असतो; चित्रात फरक इतका कमी की ०.३ ची चाळणी तो पकडतच नाही. म्हणून दोन डोळ्यांमधल्या अंतराच्या तिसऱ्या हिश्श्याहून मोठी उडी एका फ्रेममध्ये दिसली, की मी ती जागा हाताने तपासतो. कधी ती नुसती मान झटकलेली असते. यादी शेवटी डोळ्यांनीच पक्की करावी लागते. ९५० फ्रेमला दहा मिनिटंही लागत नाहीत.

रंग नव्याने घेताना `new_col` एकाच फ्रेमचा घेऊ नका, पुढच्या पाच फ्रेमची सरासरी घ्या. काम ऑफलाइन आहे, सगळा व्हिडिओ आधीच हातात असतो, म्हणून पुढे डोकावता येतं. याच सोयीमुळे मला हुशारी सुचली होती: मागच्या दहा आणि पुढच्या दहा फ्रेमची सरासरी घेतली तर चेहरा मागे पडणारच नाही. पडला नाही खरा. पण बोट बटणापर्यंत पोचायच्या आधीच चेहरा उजळायला लागला! सरासरीची खिडकी दोन्ही बाजूंना चालेल, फक्त तिने ७३१ ची रेघ ओलांडता कामा नये.

कॅमेरा ऑटो एक्स्पोजरवर असेल तर आणखी एक भानगड होते. दिवा लागताच चित्र पांढरंफटक पडतं आणि मग कॅमेरा हळूहळू सावरतो. त्या सावरण्याच्या टप्प्यात १० टक्के फार मंद पडतात. तेवढ्यापुरते मी ४० करतो, थोडी लुकलुक सोसतो.

निकाल तपासायला मानेसारखा साक्षीदार नाही. मान मूळचीच असते, तिला आपण हात लावलेला नसतो. मूळ व्हिडिओत ७३५ व्या फ्रेमला चेहरा मानेपेक्षा ६ अंकांनी उजळ होता. माझ्या पहिल्या रेंडरमध्ये १३ अंकांनी काळवंडलेला. हा फरक फ्रेमवार आलेखावर काढला की चूक कुठे सुरू होते ते लगेच दिसतं. मात्र अर्धा चेहरा सावलीत असेल तर सरासरी फसवते, कारण उजळ गाल आणि काळा गाल मिळून आकडा बरोबर येतो. तिथे दोन्ही गाल वेगळे मोजावेत.

डिझॉल्व्हवर मात्र यातलं काहीच चालत नाही. बारा फ्रेम दोन चेहरे एकमेकांत मिसळलेले असतात, कट म्हणावा असा एक क्षणच नसतो. तिथे झगडत बसू नका. एडिटरकडून डिझॉल्व्ह न टाकलेले दोन्ही शॉट सुटे मागून घ्या, दोन्हीकडे थोड्या जास्तीच्या फ्रेम ठेवायला सांगा, स्वॅप वेगवेगळा करा आणि डिझॉल्व्ह त्यांना नंतर टाकू द्या.