सीए झाल्यावर एसीसीए: कोल्हापुरात बसून करायची तयारी

वहीच्या पहिल्या पानावर एकच आकडा लिहा: 4. एसीसीए ही ब्रिटनमधल्या लेखापालांच्या संस्थेची पात्रता, आणि तिचे एकूण पेपर 13. आयसीएआयच्या सभासदाला त्यातल्या 9 पेपरांत सूट मिळते आणि वरच्या टप्प्यातले 4 द्यावे लागतात. व्यवसायाच्या नेतृत्वावरचा एसबीएल आणि आर्थिक अहवालांवरचा एसबीआर हे दोन सक्तीचे, बाकीचे दोन चार ऐच्छिक पेपरांतून निवडायचे. नऊ सुटले म्हणून माणूस निर्धास्त होतो, पण उरलेले चार हेच सगळ्यांत अवघड आहेत. बीकॉम किंवा सीए इंटरवर अर्ज केलात तर सूट कमी मिळते. सभासदत्व हातात येणारच असेल, तर थोडं थांबून अर्ज करणं मला शहाणपणाचं वाटतं.

मग कागद. पासपोर्ट, पदवी, सीएच्या गुणपत्रिका आणि सभासदत्वाचं प्रमाणपत्र टेबलावर शेजारी शेजारी ठेवा आणि फक्त नाव वाचा. आपल्याकडे शिवाजी विद्यापीठाच्या कागदावर आडनाव आधी, पासपोर्टवर शेवटी. कुठे वडिलांचं नाव पूर्ण, कुठे नुसतं आद्याक्षर. लग्नानंतर नाव बदललेल्या मुलींचं तर अर्धं आयुष्य एका नावाचं, अर्धं दुसऱ्या नावाचं. नोंदणी पासपोर्टवरच्या नावानेच करा, कारण परीक्षेला ओळखपत्र तेच दाखवायचं. नावातला फरक दाखवणारं विवाह प्रमाणपत्र किंवा राजपत्रातली नोंद अर्जासोबतच जोडा. माझ्या ऑफिसातल्या एका मुलीचा अर्ज एवढ्यासाठीच अडला होता आणि तेवढ्यात तिची परीक्षेची एक फेरी हुकली. फेऱ्या वर्षातून चारच असतात: मार्च, जून, सप्टेंबर, डिसेंबर.

सूट मिळते, पण फुकट नाही. सूट दिलेल्या प्रत्येक पेपरामागे शुल्क आहे आणि ते नऊ पेपरांचं होतं. वर नोंदणी, वार्षिक वर्गणी आणि परीक्षा फी. सगळं पौंडात. बजेट मांडताना हे शुल्क पहिल्या ओळीत धरा आणि कार्डावर परदेशी व्यवहार सुरू करून घ्या. परीक्षेचा अर्ज लवकर भरला तर फी कमी लागते.

अभ्यासात सर्वांत जास्त वेळ एसबीआरला ठेवा. कोल्हापुरातल्या आपल्या बहुतेक अशिलांची पुस्तकं जुन्या लेखा मानकांवर चालतात, त्यामुळे हाताला वळण तेच असतं. एक उदाहरण करून बघा. शिरोलीच्या एका फाउंड्रीने शेड 5 वर्षांसाठी भाड्याने घेतली, वर्षाअखेर भाडं 10 लाख, व्याजदर 10 टक्के. आपण सवयीने दरवर्षी 10 लाख खर्च टाकून मोकळे होतो. आयएफआरएस 16 या भाडेकरारांच्या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे पहिल्याच दिवशी सुमारे 37.91 लाखांचं देणं आणि तेवढीच वापरहक्काची मालमत्ता ताळेबंदात येते. पहिल्या वर्षी घसारा 7.58 लाख आणि व्याज 3.79 लाख, म्हणजे खर्च 11.37 लाख. शेवटच्या वर्षी तो 10 लाखांच्या खाली उतरतो. पण एवढं गणित जमलं म्हणजे एसबीआर जमला असं नाही. संचालकांना हा नफा का घटला, कर्जदात्या बँकेला कोणते गुणोत्तर बदललेले दिसेल, हे वाक्यांत लिहायला लागतं. गुण तिथे असतात आणि पासाची रेषा 50 टक्क्यांची आहे.

इंड एएस ही भारतातली नवी लेखा मानकं पक्की असलेल्यांनी वेगळी काळजी घ्यावी, कारण ते आयएफआरएसच्या इतकं जवळचं आहे की फरक निसटतो. एखादी कंपनी तिच्या निव्वळ मालमत्तेपेक्षा स्वस्तात मिळाली, तर आयएफआरएसमध्ये तो फायदा नफा-तोट्यात जातो. आपल्याकडे तो सर्वसाधारणपणे इतर सर्वसमावेशक उत्पन्नातून भांडवली राखीव निधीत जातो. असे फरक एका पानावर वेगळे काढा आणि परीक्षेच्या आठवड्यात तेवढंच पान वाचा.

नैतिकता आणि व्यावसायिक कौशल्यांचा ऑनलाइन भाग एसबीएलच्या आधी उरकून घ्या. एसबीएलमध्ये त्याचाच उपयोग होतो.

पेपर सुटले तरी सभासदत्वासाठी 36 महिन्यांचा अनुभव आणि 9 कामगिरी उद्दिष्टं लागतात. आर्टिकलशिपमधलं संबंधित काम यात धरता येतं आणि ज्यांच्या हाताखाली काम केलं ते सीए असतील तर त्यांची सही चालते. म्हणून प्रत्येक उद्दिष्टापुढे कोणतं काम, कोणत्या वर्षी आणि आपण नेमकं काय केलं हे आजच लिहायला घ्या. "ऑडिट केलं" एवढं पुरत नाही. "साखर कारखान्याच्या साठ्याची मोजणी केली, फरक शोधला, प्रिन्सिपलना कळवला" असं हवं. सरांकडे ते सगळं घेऊन एका दुपारी बसा आणि त्यांचा ईमेल चालू आहे ना हे विचारून घ्या, कारण मान्यतेची विनंती त्याच पत्त्यावर येते. दुबईला पोहोचल्यावर लक्ष्मीपुरीतल्या ऑफिसला फोन करून सही मागणं फार जड जातं.