विमानाच्या आगीतील पहिली तीन मिनिटे: फोम मारताना या चुका टाळा

विमान कोसळले किंवा धावपट्टीवरून घसरले आणि इंधनाने पेट घेतला, तर बाहेरच्या ज्वाळा आणि आतले प्रवासी यांच्यामध्ये अॅल्युमिनियमचा एक पातळ पत्रा आणि त्यामागचे इन्सुलेशन एवढेच उरते. सांडलेल्या इंधनाच्या मोठ्या आगीत हा पत्रा साधारण मिनिटभरात वितळू लागतो. म्हणूनच विमानतळावरील अग्निशमन सेवेची सारी आखणी मिनिटांवर नव्हे, सेकंदांवर उभी असते. या आखणीत पुन्हा पुन्हा होणाऱ्या काही चुका येथे मांडतो.

पहिली चूक घड्याळ लावण्याची आहे. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या मानकानुसार, दृश्यमानता आणि जमिनीची स्थिती उत्तम असताना, वापरात असलेल्या धावपट्टीच्या कोणत्याही बिंदूपर्यंत तीन मिनिटांत पोहोचता आले पाहिजे आणि उद्दिष्ट दोन मिनिटांचे असावे. पुष्कळांचा समज असा असतो की ही वेळ वाहन स्टेशनबाहेर पडल्यापासून ते घटनास्थळी पोहोचेपर्यंतची आहे. प्रत्यक्षात घड्याळ पहिल्या कॉलपासून सुरू होते आणि पहिले वाहन ठरलेल्या प्रवाहाच्या निदान निम्म्या वेगाने फोम फेकण्याच्या स्थितीत आले की थांबते. सायरन ऐकून जवान धावले, बूट-कोट चढवले, इंजिन सुरू झाले, टॉवरकडून धावपट्टी ओलांडण्याची परवानगी मिळाली, हा सगळा वेळ त्या तीन मिनिटांतच मोडतो. सरावाची नोंद ठेवताना फक्त गाडीच्या धावण्याचा वेळ लिहिणारे स्टेशन स्वतःचीच फसवणूक करत असते.

दुसरी चूक टाकीच्या हिशेबाची आहे. आपल्याकडे रोज उडणारे एअरबस ए-320 सुमारे साडेसदतीस मीटर लांबीचे आहे आणि विमानाच्या आकारावरून ठरणाऱ्या अग्निशमनाच्या श्रेणींपैकी सहाव्या श्रेणीत ते येते. या श्रेणीत, नेहमीच्या ‘बी’ दर्जाच्या फोमसाठी, विमानतळावर किमान 7,900 लिटर पाणी आणि दर मिनिटाला पाणी व फोमचे 4,000 लिटर मिश्रण फेकण्याची क्षमता असावी लागते. भागाकार केला की लक्षात येते की मॉनिटर, म्हणजे वाहनावरची फोम फेकणारी तोफ, पूर्ण उघडा ठेवला, तर हे पाणी दोन मिनिटांपेक्षा किंचित कमी वेळात संपते. आगीवर एका मिनिटात ताबा मिळवायचा आणि उरलेल्या पाण्यावर तो ताबा टिकवायचा, हा त्यामागचा हिशेब आहे. पण त्यासाठी प्रत्येक लिटर योग्य जागी पडला पाहिजे, आणि बहुतेक चुका नेमक्या इथेच होतात.

सगळ्यात उंच ज्वाळा दिसेल तिकडे मॉनिटर वळवणे हे माणसाला सहज सुचते, पण ते चूक आहे. पहिल्या फोमचे काम सगळी आग विझवणे नाही. विमानाचे धड थंड ठेवणे आणि ज्या दारांतून प्रवासी उतरत आहेत त्यांच्यासमोरची जमीन ज्वाळांपासून मोकळी करणे, हे ते काम आहे. पंखाच्या टोकाजवळची आग काही काळ जळत राहिली तरी चालते. दाराखालची आग चालत नाही. म्हणून शक्य तेथे वाऱ्याच्या दिशेने पाठ करून यावे, म्हणजे फोम लांब पोहोचतो आणि ज्वाळा धडापासून दूर ढकलल्या जातात.

त्याबरोबरच फोमची धार थेट इंधनाच्या थारोळ्यात खुपसणेही टाळले पाहिजे. जोराची धार इंधन उसळवते, पसरवते आणि आधी पडलेला थर फाडून टाकते. त्याऐवजी धार आगीच्या अलीकडे जमिनीवर मारून फोम पुढे सरकू द्यावा, किंवा धडावर मारून तो खाली ओघळू द्यावा, किंवा उंच फेकून पावसासारखा पडू द्यावा. इंधन पाण्यापेक्षा हलके असल्यामुळे नुसते पाणी त्याच्या खाली जाते. फोमचा थर मात्र वर तरंगतो आणि वाफ दाबून धरतो. एकदा ही चादर अंथरली की त्यातून वाहन किंवा होज ओढत नेणे म्हणजे ती फाडणे होय, आणि फाटलेल्या जागी आग पुन्हा भडकते.

फोम पांढरा दिसतो म्हणून तो चांगला आहे असेही मानू नये. मिश्रण करणारे प्रपोर्शनर बिघडले आणि तीन टक्क्यांऐवजी एकच टक्का कॉन्सन्ट्रेट, म्हणजे फोमचे मूळ द्रावण, पाण्यात मिसळला गेला, तरी लांबून फेस सारखाच वाटतो. फरक मोजमापाच्या भांड्यात कळतो: पातळ मिश्रणाचा फोम भांड्याच्या तळाशी झपाट्याने पाणी सोडतो आणि वरचा फेस बसत जातो. रिफ्रॅक्टोमीटरवर मिश्रणाचे प्रमाण तपासण्याचे काम दोन-चार मिनिटांचे आहे, आणि ते वाहनाच्या ठरावीक तपासणीत व्हायलाच हवे.

वेग पुरेसा असूनही काय होऊ शकते, हे 22 ऑगस्ट 1985 रोजी मँचेस्टर येथे दिसले. कॉर्फूला निघालेल्या ब्रिटिश एअरटूर्सच्या बोइंग 737 विमानात 137 जण होते. उड्डाणासाठी धावत असतानाच डाव्या इंजिनातील एक दहनकक्ष फुटला, त्याचा तुकडा पंखाच्या टाकीच्या झाकणावर आदळला आणि बाहेर पडलेले इंधन पेटले. धमाका टायर फुटल्याचा असावा असे वैमानिकाला वाटले. त्याने उड्डाण रद्द करून विमान टॅक्सीवेवर वळवले, आणि ते जिथे थांबले तिथे वाऱ्याने ज्वाळा धडावर आल्या. अग्निशमन दलाचे पहिले वाहन विमान थांबल्यानंतर अर्ध्या मिनिटाच्या आसपास पोहोचले, तरीही 55 जणांचा मृत्यू झाला आणि त्यातील बहुतेक जण धुरामुळे व विषारी वायूंमुळे गेले. आग मागच्या बाजूने आत शिरली होती, आणि बाहेरून मारलेला फोम केबिनमधील आसने आणि छत यांच्या आगीपर्यंत पोहोचत नव्हता. भरीस भर म्हणजे वाहनांतील पाणी संपत आले तेव्हा जवळच्या हायड्रंटमध्ये पाणी नव्हते.

या प्रसंगातून मी दोन गोष्टी आग्रहाने सांगेन. धडाला भगदाड पडल्याचे किंवा खिडक्यांतून काळा धूर येत असल्याचे दिसताच, बाहेरचा फोम चालू ठेवून श्वसनयंत्र लावलेल्या जवानांना होजसह आत पाठवण्याचा निर्णय त्याच क्षणी झाला पाहिजे. थांबून पाहण्यात अर्थ नाही. आणि विमानतळावरच्या कोणत्याही दुरुस्तीसाठी हायड्रंटची लाइन बंद करायची असेल, तर ती बंद होण्याआधी अग्निशमन केंद्राच्या फलकावर तशी नोंद आणि पर्यायी पाण्याची सोय असली पाहिजे.

आणखी एक चूक फोम पसरल्यानंतरची आहे. 6 जुलै 2013 रोजी सॅन फ्रान्सिस्को येथे एशियाना कंपनीचे बोइंग 777 कोसळले, तेव्हा बाहेर फेकली गेलेली एक प्रवासी विमानाजवळ जमिनीवर पडली होती. जवानांनी तिला पाहिले होते, पण तिची तपासणी झाली नाही आणि जागेवर खूणही ठेवली गेली नाही. पुढे फोमने झाकली गेलेली ती प्रवासी अग्निशमन वाहनांखाली सापडली. फोम अंथरलेल्या भागात वाहन हलवायचे असल्यास आधी एक जवान पायी पुढे चालत राहावा, आणि जमिनीवर दिसलेल्या प्रत्येक व्यक्तीजवळ, ती जिवंत आहे की नाही याचा निर्णय होण्याआधीच, कोणीतरी उभे राहावे.