फॉरवर्ड प्रीमियमचं कोडं: या चुका टाळा

वेर्ण्याचा निर्यातदार असो, आखातातल्या मुलाचे पैसे कुठे ठेवू म्हणून विचारणारे डिचोलीचे काका असोत किंवा एम.कॉम.चा प्रकल्प घेऊन आलेला विद्यार्थी असो, व्याजदर आणि चलनाचा दर यांचा विषय निघाला की तिघांच्याही चुका ठरलेल्या असतात. बँकेत परकीय चलनाच्या टेबलावर नोकरीची बरीच वर्षं काढली, आता मुलांचे प्रकल्प तपासतो. माणसं बदलतात, चुका त्याच राहतात. म्हणून एकदा सविस्तर लिहितो.

आधी हिशोब. समजा डॉलर आज 85 रुपये आहे, रुपयावर वर्षाला 7 टक्के व्याज मिळतं आणि डॉलरवर 4 टक्के. बँक तुम्हाला वर्षभरानंतरच्या डॉलरचा फॉरवर्ड दर देते तो असा:

85 × 1.07 / 1.04 = 87.45

यात कुणाचंही मत मिसळलेलं नाही. बँकेने याहून बराच वेगळा दर दिला, तर एका चलनात कर्ज काढून दुसऱ्यात ठेव ठेवून कुणीही बिनजोखमीचा नफा काढेल आणि दर परत जागेवर येईल. याला कव्हर्ड इंटरेस्ट पॅरिटी म्हणतात. पुढचं पाऊल सिद्धान्ताचं आहे: रुपयावर जास्त व्याज मिळतंय, तर रुपया साधारण तेवढाच घसरेल, म्हणजे वर्षाने डॉलर खरोखरच 87.45 च्या आसपास असेल. ही अनकव्हर्ड इंटरेस्ट पॅरिटी. पहिली गोष्ट बाजार जवळपास पाळतो. दुसरी पाळली जात नाही, आणि कोडं आहे ते तिथेच.

चूक पहिली: फॉरवर्ड दराला भाकीत समजणं

"बँकच म्हणतेय ना, डॉलर 87 वर जाणार?" हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की आता ऐकताक्षणी कागद पुढे ओढून वरचा गुणाकार करून दाखवतो. बँक असं काहीही म्हणत नसते.

2007 चं वर्ष आठवा. भारतातले व्याजदर अमेरिकेपेक्षा जास्त होते, त्यामुळे डॉलरचा फॉरवर्ड दर आजच्या दरापेक्षा वर, म्हणजे प्रीमियमवर होता. सिद्धान्ताप्रमाणे रुपया घसरायला हवा होता. प्रत्यक्षात वर्षाच्या सुरुवातीला 44 च्या वर असलेला डॉलर वर्षअखेरीस साडेएकोणचाळीसच्या आसपास आला. प्रीमियम बघून "डॉलर वर जाणारच आहे, आत्ता कशाला विकायचा" म्हणत बिलं उघडी ठेवणाऱ्या निर्यातदारांचं दुहेरी नुकसान झालं: फॉरवर्ड विकून मिळाला असता तो प्रीमियमही गेला आणि दरही खाली आला.

हे एका वर्षाचं किंवा एका चलनाचं प्रकरण नाही. अर्थशास्त्रज्ञ यूजीन फामा यांनी 1984 मध्ये डॉलरसमोरची नऊ चलनं तपासली, तेव्हा सिद्धान्ताप्रमाणे व्याजातल्या एका टक्क्याला एक टक्का घसरण, म्हणजे गुणांक 1 यायला हवा होता आणि हाती आले ते ऋण आकडे. पुढे केनेथ फ्रूट यांनी असे 75 प्रसिद्ध अंदाज एकत्र केले, त्यांची सरासरी उणे 0.88 निघाली. म्हणजे एखाद्या चलनावर एक टक्का जास्त व्याज असेल तर ते एक टक्का घसरण्याऐवजी सरासरी पाऊण टक्क्याहून जास्त वधारत होतं.

माझी सवय सांगतो. फॉरवर्ड दर हातात आला की मी त्यातून आजचा दर वजा करतो आणि उरलेल्या फरकापुढे "व्याज" असा शब्द लिहितो. तो शब्द समोर असला की त्या आकड्यात कुणी भविष्य शोधत नाही.

चूक दुसरी: कोडं कळलं की त्याला फुकटचा पैसा समजणं

ही चूक पहिलीपेक्षा महाग पडते, कारण ती अर्धवट अभ्यास केलेली माणसं करतात. तर्क सरळ दिसतो. जास्त व्याजाचं चलन घसरत नाही ना? मग कमी व्याजाच्या चलनात कर्ज घ्या, जास्त व्याजाच्या चलनात पैसा वापरा, मधला फरक खिशात. यालाच कॅरी ट्रेड म्हणतात.

कुंडईच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखानदाराने 2007 च्या मध्यावर नेमकं हेच केलं. रुपयातल्या कर्जावर बारा टक्क्यांच्या आसपास व्याज जात होतं. एका बँकेच्या माणसाने सुचवलं की स्वॅप करून कर्ज येनमध्ये फिरवून घ्या, सगळं धरून तीन टक्क्यांत बसेल. कर्ज दहा कोटी येनचं झालं. तेव्हा शंभर येन म्हणजे सुमारे 33 रुपये, म्हणजे बोजा 3 कोटी 30 लाखांचा.

हे शेठ माझ्याकडे आले ते येनचं कव्हर घ्यायला, म्हणजे फेडीचा दर आजच फॉरवर्डने बांधून ठेवायला, काय खर्च येतो हे विचारायला. मी फॉरवर्डचा हिशोब मांडला, तर एकूण खर्च परत बाराच्या जवळ गेला. जाणारच होता. रुपयासमोर येनचा फॉरवर्ड प्रीमियम म्हणजे दोन्ही व्याजांतला फरकच. त्यांनी आकड्यावर बोट ठेवून विचारलं, "मग यात फायदा कसला?" मी म्हटलं, "शेठ, कव्हर घेतल्यावर जो फायदा नाहीसा होतो, ती तुम्ही घेतलेल्या जोखमीची मजुरी असते." त्यांना ते पटलं नाही. येन दोन वर्षं घसरतच होता, शेजारच्या कारखान्यानेही तसंच कर्ज फिरवलं होतं. कव्हर न घेता ते गेले.

ऑगस्ट 2007 मध्ये इशारा मिळाला होता. जुलैपर्यंत डॉलरला 120 च्या वर असलेला येन काही आठवड्यांत वधारून 112 च्या आसपास जाऊन आला. कारण जपानमध्ये काही घडलं म्हणून नव्हे. अमेरिकी गृहकर्जांच्या भीतीने जगभरचे लोक येनमधली कर्जं फेडायला एकदम धावले म्हणून. नंतर दर निवळला आणि सगळे निर्धास्त झाले.

2008 च्या शरद ऋतूत अमेरिकेची लेहमन ब्रदर्स बँक बुडाल्यावर दोन गोष्टी एकाच वेळी झाल्या: येन डॉलरसमोर वधारला आणि रुपया डॉलरसमोर पडला. वर्षअखेर शंभर येनला सुमारे 53 रुपये मोजावे लागत होते. तेच दहा कोटी येन आता 5 कोटी 30 लाखांचे झाले. दीड वर्षात व्याजात वाचले होते ते साधारण 45 लाख. मुद्दलात वाढले दोन कोटी. वर आणखी एक गोष्ट, ती कुणी आधी मोजत नाही: बँकेने वाढलेल्या बोजावर जादा तारण मागितलं, तेही नेमकं मागणी आटलेली असताना.

कोड्याच्या उत्तराचा मोठा भाग इथे दिसतो. कॅरीतला नफा थोडा थोडा, महिनोन् महिने येतो आणि तोटा काही दिवसांत येतो, तोही बाकी सगळं बुडत असताना. अशा वेळी बुडणारी गोष्ट जवळ बाळगायला लोक जादा मोबदला मागतात, आणि जास्त व्याजाच्या चलनावर सरासरीने मिळणारा फायदा हा तोच मोबदला, असं एक मजबूत स्पष्टीकरण आहे. ऑक्टोबर 1998 मध्ये येन असाच एकदम वधारला, ऑगस्ट 2024 मध्येही वधारला. हे स्पष्टीकरण धरूनही कोडं पूर्ण सुटलेलं नाही. हा मोबदला इतका मोठा का असावा, यावर अर्थशास्त्रज्ञांत अजून एकमत नाही.

म्हणून कुणी कमी व्याजाच्या परदेशी कर्जाचा कागद दाखवला की मी एकच विचारतो: त्या चलनात तुमची आवक आहे का? नसेल तर आधी कव्हरसकट खर्च काढायचा आणि कर्जाची तुलना त्याच आकड्याशी करायची.

चूक तिसरी: पातळ्यांचं रिग्रेशन

ही विद्यार्थ्यांची. मुलगा आनंदाने येतो, "सर, कोडं खोटं आहे! गुणांक एक आला आणि आर-स्क्वेअर 0.98." त्याने पुढच्या महिन्याचा स्पॉट दर आजच्या फॉरवर्ड दरावर बसवलेला असतो. आज डॉलर 85 असेल तर पुढच्या महिन्यात तो 40 होत नाही, आणि फॉरवर्डही 85 च्या जवळपासच असतो. दोन्ही रेषा एकमेकींना चिकटून चालणारच. प्रश्न पातळीचा नाही, बदलाचा आहे. बसवायचं ते असं (s आणि f हे लॉग घेतलेले दर):

s(t+1) − s(t) = α + β [f(t) − s(t)] + ε

आर-स्क्वेअर इथे शून्याच्या जवळ घसरतो. मुलं घाबरतात आणि परत जुन्या मॉडेलकडे पळतात, कारण तो आकडा देखणा असतो. देखण्या आकड्यासाठी प्रश्न बदलणं मला अजिबात खपत नाही. खात्री करायची सोपी युक्ती आहे: पातळीच्या रिग्रेशनमध्ये फॉरवर्ड काढून तिथे आजचा स्पॉट घाला. निकाल जवळपास तोच येतो. मग फॉरवर्डने काय सांगितलं?

तीन महिन्यांचे फॉरवर्ड मासिक आकड्यांवर बसवू नका. शेजारच्या नोंदींतल्या चुका एकमेकींत मिसळतात आणि स्टँडर्ड एरर फसवा निघतो. त्याच्या दुरुस्त्या आहेत, पण मी मुलांना सरळ एक महिन्याचा फॉरवर्डच घ्यायला लावतो.

दर "डॉलरला किती रुपये" असा घेतला असेल तर व्याजाचा फरकही रुपया वजा डॉलर असाच हवा. उलटं झालं की खोटं कोडं तयार होतं.

चूक चौथी: रुपयाला येनच्या मापाने मोजणं

मुलाची ठेव एनआरई खात्यात रुपयांत ठेवावी की एफसीएनआरमध्ये डॉलरमध्ये, हा गोव्यातल्या घराघरातला प्रश्न. कोडं ऐकलेला माणूस लगेच सांगतो, रुपयात ठेवा, तिथे व्याज जास्त. घाई करू नका. कोडं सर्वांत ठळक दिसलं ते श्रीमंत देशांच्या चलनांत आणि छोट्या मुदतींत. विकसनशील देशांच्या चलनांत आणि पाच-दहा वर्षांच्या मुदतीत आकडे सिद्धान्ताच्या बरेच जवळ येतात. 2008 नंतरच्या काळात तर काही मोठ्या चलनांतही गुणांकाचं चिन्ह बदललेलं दिसलं.

रुपयाचंच बघा. जानेवारी 2007 चा 44 चा डॉलर डिसेंबर 2024 मध्ये साडेपंच्याऐंशीच्या आसपास होता, म्हणजे वर्षाला पावणेचार टक्क्यांच्या घरात घसरण. मधल्या एकेका वर्षात रुपया सिद्धान्ताच्या उलट गेला, तरी अठरा वर्षांत जादा व्याजाचा बराच भाग घसरणीने खाल्ला. डिचोलीच्या काकांना मी म्हणूनच आधी विचारतो की हे पैसे शेवटी खर्च कुठे होणार. घर डिचोलीत बांधायचं असेल तर रुपया. मुलगा पुढे परदेशातच राहणार असेल, तर त्याच्या वाट्याचं डॉलरमध्येच ठेवा आणि दोन व्याजदरांची वजाबाकी करत बसू नका.