प्रार्थना सभेची सूचना लिहिण्याआधी काय विचारून घ्यावे

सभासदाच्या घरी कुणी गेल्याची बातमी आली की मंडळाच्या गटावर तासाभरातच ‘सभा कधी ठेवूया?’ सुरू होते. सूचना त्या दिवशी लिहू नये. पहिल्या दिवशी दोघांनी घरी जाऊन यावे, फारसे न बोलता यावे, आणि विचारायचे ते दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी विचारावे. कुणाला विचारायचे हे मात्र आधीच ठरवावे लागते, कारण आपला सभासद आणि ज्यांच्या घरी सुतक आहे ते लोक बऱ्याचदा वेगळे असतात.

उदाहरण म्हणून आमच्या फोंड्याच्या वाचक मंडळातला एक प्रसंग घेतो. सभासद बाई फोंडा शहरात राहतात. आई गेल्या त्या प्रियोळला, मुलाकडे. म्हणजे सगळी क्रियाकर्मे प्रियोळला आणि कर्ता मुलगा. आपल्या ओळखीच्या बाई म्हणाल्या की सभा घ्या, तेवढ्याने भागत नाही. भावाचा होकार लागतो. भावाला फोन बाईंनीच करावा हे बरे. मंडळाने परस्पर केला की तो ‘लोकांनी आधीच ठरवले’ असा ऐकू येतो. भावाला विचारायच्या गोष्टी चारच: सभा चालेल ना, कोणता दिवस टाळायचा, नाव कसे लिहायचे, आणि घरी समाचाराला माणसे आलेली चालतील की सगळ्यांनी सभेतच भेटावे. शेवटचा प्रश्न विचारायला संकोच वाटतो, पण बारा दिवस सकाळ-संध्याकाळ माणसे येऊन घरातली म्हातारी माणसे थकलेली असतात. त्यांना ‘सभेतच भेटू’ म्हणायचे असते. तोंडाने म्हणवत नाही. सूचनेत ते मंडळाने लिहिले की त्यांची सुटका होते.

दिवसाचा हिशेब कागदावर करावा. या आई शनिवारी पहाटे गेल्या. तो दिवस धरून दहावा येतो पुढच्या सोमवारी, बारावा बुधवारी, तेरावा गुरुवारी. मंडळाच्या बैठका रविवारी होतात म्हणून कुणीतरी लगेच ‘रविवार’ म्हणाले. तो रविवार नववा दिवस; दुसऱ्या दिवशी दहाव्याची तयारी, घर भटजींच्या यादीत बुडालेले. त्यापुढचा रविवार सगळ्यांना सोयीचा, पण मुंबईहून आलेली धाकटी बहीण शनिवारी परतणार होती. ती नसताना आईची सभा घेण्यात अर्थ नव्हता. म्हणून शुक्रवार. नोकरीवरची माणसे येऊ शकणार नाहीत हे गृहीत धरले आणि त्याबद्दल सूचनेत दिलगिरीही लिहिली नाही. सुतकाचे नेम घराघराचे वेगळे असतात, लेकीला वेगळे आणि मुलाला वेगळे. मोजणी आपण करावी, पण दिवस घरच्यांनी सांगितलेलाच घ्यावा.

तारीख पक्की करण्याआधी पंचांग आणि गावचे उत्सवही पाहावेत. चतुर्थीच्या दिवसांत अर्धा गोवा मूळ घरी गेलेला असतो, सभेला कोण येणार? वास्कोत दामोदर सप्ताहाच्या दिवशी सभा ठेवणे म्हणजे लोकांना फेरीतून वाट काढत यायला लावणे. गावात जत्रा असेल तर तोही दिवस सोडावा.

जागेबाबत गोव्यात एक अडचण हमखास येते. सगळ्यांत सोयीचा, स्वस्त आणि मोठा हॉल देवस्थानाचा असतो, आणि सुतकातली माणसे देवळाच्या आवारात पाऊल ठेवत नाहीत. सुतक फिटल्यावरही काही घरांना तिथे जाणे रुचत नाही. हे विचारून घेतल्याशिवाय देवस्थानाच्या समितीकडे हॉल मागू नये; एकदा मागून मिळाला आणि मग नको म्हणायची वेळ आली की दोन्हीकडे कानकोंडे व्हावे लागते. आम्ही वाचनालयाचा हॉल घेतला. साठ खुर्च्या मावतात आणि मुख्य म्हणजे तो तळमजल्यावर आहे. सभेला येणाऱ्यांत निम्मे सत्तरीपुढचे असतात, त्यामुळे वरच्या मजल्यावरचा हॉल कितीही चांगला असला तरी मी घेणार नाही.

पत्ता लिहिताना ‘सातेरी देवळाशेजारी’ असे लिहू नका. सातेरी, रवळनाथ, महादेव ही देवळे गोव्यात गावोगाव आहेत. बाहेरून आलेला माणूस फोन करत फिरतो. कदंब बसस्थानकापासून कोणत्या दिशेने, चालत किती मिनिटे, कोणत्या दुकानासमोर, आणि गाडी कुठे लावायची, एवढे दोन ओळींत बसते.

वेळेत सुरुवात आणि शेवट दोन्ही लिहावे. आम्ही ४.३० ते ५.१५ लिहिले. गावाकडच्या बसगाड्या संध्याकाळनंतर विरळ होतात, आणि तिन्हीसांजेला घरी दिवा लावायला पोचायचे असते, विशेषतः डिसेंबर-जानेवारीत, सहा-सव्वासहाला सूर्य बुडतो तेव्हा. शेवटची वेळ लिहिलेली नसली की भाषणे लांबतात आणि मागच्या रांगेतली माणसे घड्याळाकडे बघत बसतात. उशिरा येणाऱ्यांसाठी सभा थांबवायची नाही, हेही आधीच ठरवावे.

आता साधेपणाचा मुद्दा. सगळ्यांत जास्त घोटाळा इथेच होतो. ‘सभा साधेपणाने होईल’ एवढेच लिहिले तर प्रत्येक जण आपापला साधेपणा घेऊन येतो. एकाचा साधेपणा म्हणजे लहान हार, दुसऱ्याचा म्हणजे फक्त चहा आणि बिस्किटे, तिसऱ्याचा म्हणजे पाचच मिनिटांचे भाषण. शेजारच्या एका संस्थेच्या सभेत फोटोसमोर हारांचा एवढा ढीग झाला की शेवटी फोटोच दिसेना, आणि ज्यांनी सूचना पाळून काही आणले नव्हते ती माणसे उगीच अवघडली. म्हणून काय आणायचे नाही आणि काय होणार नाही हे नाव घेऊन लिहावे: हार, पुष्पगुच्छ, शाल, पाकीट नको, फोटो आणि चित्रीकरण नको, चहापाणी नाही. प्यायला पाणी ठेवायचे, पण ते सूचनेत लिहायची गरज नाही. कारण देत बसू नये. ‘कुटुंबीयांच्या इच्छेनुसार’ हे दोन शब्द पुरतात आणि त्यावर कुणी वाद घालत नाही. अर्थात ती इच्छा खरोखर विचारलेली हवी.

फुलांचे मात्र पूर्ण बंद करू नये, असे माझे मत आहे. आलेल्या माणसाला हाताने काहीतरी वाहावेसे वाटते. एका ताटात सुटी फुले आणि तुळशीची पाने मंडळाने ठेवावीत. प्रत्येकाने त्यातले एक उचलावे. हार एकच, घरच्यांचा.

भजनाबद्दल वेगळे बोलावे लागते. आपल्याकडे पेटी समोर आली की माणूस रंगतो, आणि पखवाजवाला चांगला असेल तर एका अभंगाला पंधरा मिनिटे सहज जातात. तो दिवस त्यासाठी नाही. भजनी मंडळींना नम्रपणे आधीच सांगावे: दोन अभंग, पेटी आणि टाळ, पखवाज नको, तान नको. कोणते अभंग हे लेकीला विचारावे. आई घरात काय गुणगुणत होत्या ते तिला ठाऊक असते. मुलगा बहुतेक ‘तुम्ही ठरवा’ म्हणतो.

बोलणार एकच व्यक्ती, तीन मिनिटे, आणि ती गेलेल्या माणसाला ओळखणारी हवी. अध्यक्षपदावर आहे म्हणून नव्हे. दोन मिनिटे स्तब्धता कुणाच्या घड्याळावर, हे ठरवून ठेवावे. न ठरवता उभे राहिलो की चाळिसाव्या सेकंदाला कुणीतरी खाली बसतो आणि सगळे बसतात.

नावापुढे काय लिहायचे हे घरच्यांकडून घ्यावे. बहुतेक घरे ‘कै.’ लिहितात, काही वैष्णव घरांना ‘वै.’ हवे असते. आडनावे गावात तीच तीच असतात, म्हणून गाव आणि वाडा लिहावा. त्याच नावाच्या हयात बाईंच्या घरी फोन गेल्याचे ऐकले आहे. वय घरच्यांनी सांगितले तरच लिहावे. आजार लिहू नये. संपर्कासाठी क्रमांक मंडळाच्या कार्यवाहांचा, सभासदाचा कधीच नाही. सभासद ख्रिस्ती असेल तर हा सगळा आराखडा बाजूला ठेवावा: त्यांची प्रार्थना म्हणजे चर्चमधली मिस्सा. तिची वेळ कळवून मंडळींनी तिथे जावे, वेगळी सभा भरवू नये.

एवढे हाती आले की सूचना दहा मिनिटांत लिहून होते. आम्ही पाठवली ती साधारण अशी होती. नावे आणि तारीख काढली आहेत.

‘आपल्या मंडळाच्या सभासद सौ. अमुक यांच्या मातोश्री कै. श्रीमती तमुक, राहणार प्रियोळ, यांचे गेल्या आठवड्यात शनिवारी निधन झाले. त्यांच्या स्मरणार्थ शुक्रवारी सायंकाळी ४.३० ते ५.१५ या वेळेत वाचनालयाच्या तळमजल्यावरील सभागृहात प्रार्थना सभा होईल. दोन अभंग, एक लहान मनोगत आणि स्तब्धता एवढेच स्वरूप असेल. कुटुंबीयांच्या इच्छेनुसार हार, पुष्पगुच्छ, शाल किंवा पाकीट आणू नये. फुले सभागृहात ठेवलेली असतील. छायाचित्रे घेऊ नयेत. चहापानाची व्यवस्था नाही. कुटुंबीयांना भेटू इच्छिणाऱ्यांनी कृपया सभेतच भेटावे.’

त्याखाली वाट सांगणाऱ्या दोन ओळी आणि कार्यवाहांचा क्रमांक.

पाठवण्याआधी मजकूर सभासदाला वाचून दाखवावा. नुसता पाठवू नये, त्या दिवसांत फोन बघितला जात नाही. मग साध्या अक्षरांतच पाठवावा. समई आणि कमळ असलेल्या चित्रावर छापलेला मजकूर वयस्कर माणसांना मोठा करूनही वाचता येत नाही. वारासोबत तारीख हवीच, नाहीतर पुढे पाठवलेली सूचना आठवड्याने कुणाला तरी मिळते आणि तो पुढच्या शुक्रवारी येऊन बंद दारासमोर उभा राहतो. काही बदलले तर नवी सूचना पूर्ण लिहावी आणि वर ‘सुधारित’ लिहावे. ‘वेळेत बदल, ५ वाजता’ असा तुकडा पाठवला की जुनी आणि नवी दोन्ही फिरत राहतात.

आदल्या दिवशी बघायचे ते थोडेच: फोटो घरून कोण आणणार, समई, तेल, वाती, काडेपेटी, ताट, पाण्याची भांडी. पावसाळ्यात वीज कधीही जाते, म्हणून बॅटरीवरचा माइक, नाहीतर मोठ्या आवाजाचा माणूस. पुढची रांग घरच्यांसाठी, आणि कडेच्या दोन खुर्च्या रिकाम्या, कुणाला मध्येच उठून बाहेर जावेसे वाटले तर. वाचनालयाची किल्ली ज्यांच्याकडे आहे त्यांना ४ वाजता दार उघडायला सांगून ठेवावे, ४.३० म्हटले तर ते ४.३० लाच येतात.