मायक्रोवेव्हमध्ये मासा शिजवताना या चुका टाळा

आठवडी बाजारातून तलावाचा कटला आणला, कणा काढून सपाट तुकडे करून घेतले, झाकून मायक्रोवेव्हमध्ये ठेवले, तरी काही तुकडे चिवट होतात आणि काही मधे कच्चे राहतात. बहुतेक वेळा पोटाचे पातळ तुकडे आणि पाठीचे जाड तुकडे एकत्र, तेही फुल पॉवरवर ठेवलेले असतात. म्हणून कापतानाच सांगावं, "मावशी, पाठीचे आणि पोटाचे वेगळे द्या."

मायक्रोवेव्हच्या लहरी माशात वरच्या दोनेक सेंटीमीटरपर्यंतच जोरात काम करतात. त्याच्या आत उष्णता हळूहळू पोचते. ७० टक्के पॉवरवर बहुतेक मशीन थांबून थांबून लहरी सोडते आणि त्या थांब्यात उष्णता आत सरकते. फुल पॉवरवर तेवढी सवड मिळत नाही.

८०० वॉटचं मशीन आणि बर्फ पूर्ण सुटलेला पाव किलो मासा धरा. तुकडे एक सेंटीमीटर जाड असतील तर ७० टक्क्यांवर ३ मिनिटं आणि दोन सेंटीमीटर असतील तर ४ ते साडेचार. अडीच सेंटीमीटरच्या तुकड्यांना ५० टक्क्यांवर साधारण ६ मिनिटं द्यावीत. मासा वाढला की वेळही वाढवावा लागतो. शेपटीकडचं पातळ टोक खाली दुमडा आणि जाड बाजू काचेच्या ताटलीच्या कडेकडे ठेवा, कारण मधल्या भागाला लहरी कमी मिळतात.

झाकणाची चूक दोन्हीकडून होते. उघडा ठेवला तर कडा सुकतात. घट्ट बंद केला तर वाफ कोंडून झाकण उडतं. मायक्रोवेव्हला चालणारं काचेचं झाकण बोटभर फट ठेवून टाका आणि काढताना तोंडापासून दूर उघडा. स्टीलची थाळी झाकायला घेऊच नका.

वेळ संपला की लगेच आणखी एक मिनिट लावायचा मोह होतो. त्याआधी झाकूनच २ मिनिटं राहू द्या, तेवढ्यात मधला भाग शिजतो. मग सगळ्यात जाड तुकड्यात काटा घालून बघा: आत काचेसारखी झाक उरली असेल तर २० सेकंद द्या. पाकळ्या सहज सुटल्या तर झालं. थर्मामीटर असेल तर मध्यभागी ६३ अंश हवेत. वर पांढरा चिकट द्रव जमला असेल तर जास्त शिजला.

आपल्याकडे शेतपंप चालू झाले की व्होल्टेज पडतं, आणि तेवढ्याच मिनिटांत मासा कच्चा राहतो. एक कप पाणी दुपारी उकळायला किती वेळ लागतो ते बघून ठेवा. दुपारी २ मिनिटं आणि संध्याकाळी अडीच लागत असतील, तर माशाचाही वेळ सव्वापट धरा: ४ मिनिटांची ५. व्होल्टेज सारखं हेलकावत असेल तर त्या दिवशी मासा चुलीवरच करावा.