दार घासतंय? आधी वरची बिजागरी बघा

दार फरशीला घासलं की लातूरकडं लगेच रंधा काढतात. थांबा जरा. दार अर्धं उघडून कडीच्या बाजूनं वर उचला. वरची बिजागरी चौकटीवर हलली, तर लाकूड फुगलेलं नाही, स्क्रू सैल झालेत. दाराचं वजन वरच्याच बिजागरीला बाहेर ओढतं, म्हणून भोक तिथंच मोठं होतं.

दाराखाली पाचर देऊन वजन तोला. स्क्रू काढून भोकात लाकडाचा गोंद लावलेली बांबूची काडी घट्ट ठोका, वर आलेलं टोक कापा. रात्रभर वाळू द्या. मग अडीच मिमीचं भोक पाडून 25 ऐवजी 40 मिमीचा स्क्रू हातानंच पिळा. मशीननं आटे पुन्हा तुटतात. लोखंडी चौकटीला मात्र हा उपाय नाही.