नंबर तोच, रंग वेगळा: हेअर कलर लावताना या चुका टाळा

"ताई, नंबर तोच आहे ना, मग कंपनी कोणती का असेना!" तालुक्याच्या गावात पार्लर चालवताना हे वाक्य मी गिऱ्हाइकांकडून ऐकते, शिकायला आलेल्या मुलींकडून ऐकते, आणि कलरच्या ट्यूब विकणाऱ्या दुकानदाराकडूनही ऐकते. सगळ्यांना वाटतं की ५.६ म्हणजे चपलेच्या नंबरासारखं काहीतरी ठरलेलं माप आहे. तसं नाही. हा नंबर प्रत्येक कंपनी आपल्या पद्धतीने लावते, आणि हे माहीत नसल्यामुळे डोकी बिघडतात.

माझ्या हातून बिघडलेलं एक डोकं सांगते. लगनसराईचे दिवस होते. नवरीची मोठी काकू हळदीच्या आदल्या संध्याकाळी आली. कमरेपर्यंत केस, कानाजवळ पांढरे झालेले. तिला ५.६ आवडायचा, मी आधी दोनदा लावला होता, लालसर छान यायचा. या खेपेला मागची बाजू झाली आणि ट्यूब संपली. नागपूरहून माल दोन दिवसांनी येणार होता. शिकाऊ मुलगी धावत जाऊन जनरल स्टोअर्समधून दुसऱ्या कंपनीची ५.६ घेऊन आली. दोन्ही वाट्यांतलं क्रीम दिसायला सारखंच पांढरट होतं. कालवताना रंग उमटलेलाच नसतो, त्यामुळे तिथे काही कळायची सोय नाही. मी ते समोरच्या बाजूला लावून टाकलं.

धुतल्यावर ओले केस सारखे दिसले, ट्यूबलाइटखालीही सारखेच. दुसऱ्या दिवशी सकाळी मांडवातल्या उन्हातून फोन आला, "काय केलं वो बाई हे? मागून लाल अन् समोरून जांभूळ! बाया हासून रायल्या." जाऊन पाहिलं तर खरंच तसं होतं. काळे केस सावलीत तरी निभावत होते, पण कानाजवळचे पांढरे केस सरळ वांग्याच्या सालीसारखे झाले होते. पांढऱ्या केसात स्वतःचा रंग नसतो, म्हणून ट्यूबमध्ये जे असेल ते तिथे उघडं पडतं.

कारण टिंबाच्या पुढच्या आकड्यात होतं. टिंबाच्या आधीचा आकडा केस किती गडद ते सांगतो: १ म्हणजे काळा, १० म्हणजे अगदी फिकट सोनेरी. इथे कंपन्या साधारण एकमेकींच्या जवळपास असतात. टिंबाच्या पुढचा आकडा रंगाची झाक सांगतो, आणि तिथे ज्याचा त्याचा कारभार आहे. लॉरिआलच्या मॅजिरेलमध्ये ६ म्हणजे लाल. वेलाच्या कोलेस्टनमध्ये ६ म्हणजे जांभळा. श्वार्झकॉफच्या इगोरा रॉयलमध्ये ६ म्हणजे चॉकलेटी. ७ घ्या: वेलात तपकिरी, इगोरात तांब्यासारखा. यात कोणाची चूक नाही, ज्याने त्याने आपली यादी आपल्या पद्धतीने केली आहे. चूक आपली, आपण यादी न बघता नंबर बघतो.

त्या काकूचं डोकं कसं सावरलं तेही सांगते, कारण अशा वेळी घाबरून लोक तिसरा रंग चढवतात. रंगलेल्या केसावर फिकट रंग लावला तर आधीचा रंग उतरत नाही. लाल आणि जांभळा दोन्ही झाकायचे तर एक पायरी गडद जायचं आणि झाक नसलेला रंग घ्यायचा. मी एकाच कंपनीचा ४.० घेतला, ३ टक्क्यांच्या डेव्हलपरमध्ये, म्हणजे रंग उमटवणाऱ्या पेरॉक्साइडच्या क्रीममध्ये, कालवला, कारण केस उजळायचे नव्हते, फक्त गडद करायचे होते. आधी समोर लावला, मग मागे. दहा मिनिटांनी एक बट पुसून पाहिली, वीस मिनिटांनी धुतलं. गडद तपकिरी आला. कानाजवळ कडक उन्हात थोडी जांभळट झाक राहिली आणि ती मी तिला तोंडावर सांगितली. पैसे घेतले नाहीत.

दुसरी चूक यापेक्षा चिवट आहे, कारण ती यादी वाचूनही सुटत नाही. समजा ५.० घेतला. शून्य म्हणजे नैसर्गिक, झाक नाही, मग दोन कंपन्यांचा ५.० सारखाच यायला हवा. मी हे करून पाहिलं आहे. एका मुलीची कापलेली वेणी होती, कधी रंग न लावलेली. तिच्यातून बोटाएवढ्या दोन बटा घेतल्या, दोऱ्याने बांधल्या, दोन कंपन्यांचे ५.० लावले, दोन्हींना सहा टक्क्यांचं डेव्हलपर आणि ३५ मिनिटं दिली. एक बट मधासारखी ऊबदार आली, दुसरी राखेकडे झुकलेली. "नैसर्गिक" म्हणजे तरी काय, हे प्रत्येक कंपनी स्वतः ठरवते. तपकिरी रंग पिवळा, लाल आणि निळा मिळूनच होतो. कोणी निळा थोडा जास्त घालतं, कोणी कमी. त्यात आपले काळे केस सहा टक्क्यांनी थोडे उजळले की आतला तांबूसपणा वर येतो. ज्या ट्यूबमध्ये निळा पुरेसा असतो ती त्याला दाबते, दुसरी दाबत नाही.

आणि कालवण्याचं प्रमाण! मॅजिरेलला एक भाग रंग, दीड भाग डेव्हलपर: ५० ग्रॅमला ७५ मिलिलिटर. कोलेस्टन आणि इगोरा रॉयलला सारखं सारखं: ५० ला ५०. मुली एका कंपनीचं प्रमाण पाठ करतात आणि सगळीकडे तेच मारतात. सारख्या प्रमाणाच्या ट्यूबला दीडपट पाणचट केलं की पांढरे केस अर्धवट झाकले जातात. उलट केलं तर केस उजळत कमी आणि रंग येतो गडद. मी अंदाजाने ओतणाऱ्या मुलीच्या हातात वाटी देत नाही. किचनचा छोटा वजनकाटा ठेवला आहे, ट्यूब त्यावर मोजूनच रिकामी होते. कंटाळा येत असेल तर हे काम करू नये.

दोन कंपन्यांच्या ट्यूब एका वाटीत मिसळू नका.

दुकानातल्या शेड कार्डावर भुलू नका. तिथली झुलपं बहुतेक पांढऱ्या नायलॉनवर रंगवलेली असतात, आपल्या काळ्या केसावर तसं दिसत नाही.

कंपनी बदलली की कानामागे लावून ४८ तास थांबायची चाचणी नव्याने करायची. आधीचा रंग सोसला म्हणजे हा सोसेलच असं नाही.

ऐन लग्नाच्या आदल्या दिवशी नवी कंपनी तर नाहीच. कितीही गयावया केली तरी मी नाही म्हणते. आधी मानेजवळच्या आतल्या बाजूची एक बट रंगवते, वाळवते आणि बाईला अंगणात उन्हात नेऊन दाखवते.

माझ्याकडे शंभर पानी वही आहे. प्रत्येक गिऱ्हाइकाचं एक पान. त्यावर कंपनी, मालिका, नंबर, डेव्हलपर किती टक्के, किती ग्रॅमला किती मिली, किती मिनिटं, आणि चिकटपट्टीने लावलेली रंगवलेली छोटी बट. काकूच्या पानावर दोन बटा आहेत, शेजारी शेजारी, दोन्हींखाली ५.६ लिहिलेलं. नवीन मुलगी आली की पहिल्या दिवशी तेच पान खिडकीत नेऊन तिच्या हातात देते.